ईदला आलेले गिऱ्हाईक बकरीदपर्यंत टिकते का?

चाँदरातीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. धाकटी जाऊ तिथे बायकांचे पार्लर चालवते. आरसा एक, खुर्च्या दोन, कोपऱ्यात पडदा लावून केलेली फेशियलची जागा आणि बाहेर चपलांचा ढीग. पालममधल्या बायका असतात, आसपासच्या खेड्यांतून आलेल्या असतात आणि पुण्या-मुंबईहून ईदला माहेरी आलेल्या लेकीही असतात. रात्री दीडपर्यंत मेंदीचे कोन संपत असतात. मग ईद होते, पाहुणे परततात आणि दहाव्या दिवशी जाऊ त्याच खोलीत पंख्याखाली एकटी बसलेली दिसते.

"भाभी, ईदला इतक्या जणी आल्या. त्या गेल्या कुठे?" 2024 च्या उन्हाळ्यात तिने हा प्रश्न आम्हाला विचारला. ती दरवाजावर 'सर्व सेवांवर 20 टक्के सूट' अशी पाटी लावायच्या बेतात होती. आम्ही शाळेत शिकवतो, धंद्यातले आम्हाला फारसे कळत नाही. पण हजेरीपट कसा वाचायचा ते कळते. मूल शाळा एकदम सोडत नाही. आधी सोमवारी येत नाही, मग बाजाराच्या दिवशी येत नाही आणि एक दिवस नावासमोर फुल्यांची रांग उभी राहते. ती रांग ज्याला वेळेवर दिसली, तोच त्या मुलाच्या घरी जाऊ शकतो. म्हणून आम्ही जावेला म्हटले, पाटी नंतर लाव, आधी वही दाखव.

दोन ईदांमधले दिवस

वहीत नावे होती, रकमा होत्या, उधारीही होती. पण कोण किती दिवसांनी परत आली हे त्यातून दिसत नव्हते. आम्ही दोघींनी बसून एक सोपे माप ठरवले. ईदुल फित्रपासून बकरीदपर्यंत 67 ते 69 दिवस असतात. त्या साली ईद 11 एप्रिलला होती आणि बकरीद 17 जूनला. थ्रेडिंग करणाऱ्या बाईच्या भुवया साधारण तीन-चार आठवड्यांत पुन्हा भरतात. केसांची मुळे महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, त्यामुळे केस रंगवणाऱ्या बाईची पांढरी रेघ पाच-सहा आठवड्यांत भांगात दिसू लागते. म्हणजे ईदला आलेल्या बाईला बकरीदपर्यंत निदान एकदा तरी पार्लरची गरज पडतेच. या काळात ती एकदाही आली नाही, तर तिने एक तर दुसरे पार्लर धरले आहे किंवा ती घरच्या घरी भागवते आहे.

इंग्रजी तारखेच्या मापाने हा हिशेब चुकतो. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, ईद 31 मार्चला आली, म्हणजे अकरा दिवस आधी. 'मागच्या एप्रिलात धंदा चांगला होता, या एप्रिलात बसला' असे म्हणून घाबरणारी पार्लरवाली खरे तर रमजानची तुलना रमजाननंतरच्या दिवसांशी करत असते. आपल्या वस्तीत चालणाऱ्या धंद्याच्या वहीत चाँदची तारीख लिहिलेली असली पाहिजे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जावेकडे 52 बायका आल्या होत्या. त्यातल्या 21 नेहमीच्या, 31 नव्या. नव्यांपैकी 11 जणी माहेरी आलेल्या पाहुण्या होत्या. त्या परत गेल्या, त्यांचे दुःख करण्यात अर्थ नाही. उरल्या 20, ज्या पालममध्ये किंवा जवळच्या खेड्यांत राहतात. त्यांच्यापैकी बकरीदपर्यंत फक्त 6 जणी पुन्हा आल्या. गेलेल्या कोण, हे आता नावानिशी समोर आले. त्या 14 होत्या.

आम्ही जावेला सांगितले की या चौदा जणींना काही विकायला नाही, नुसते विचारायला फोन कर. तिने केला. पाच जणी म्हणाल्या, याद ही नहीं रहा. तिघींनी घराजवळचे दुसरे पार्लर धरले होते. चार जणींचा फोन लागला नाही किंवा त्यांनी कारण सांगितले नाही. दोघी मात्र नाराज होत्या. एकीला दोन तास बसवून तिच्यानंतर आलेल्या ओळखीच्या बाईला आधी घेतले होते. दुसरीच्या मेंदीचा फोटो जावेने व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावला होता आणि त्यात अर्धा चेहरा दिसत होता. तिच्या घरात त्यावरून बोलणी झाली होती. ती आमच्याशी भांडली नाही, नुसती यायची थांबली.

या चौदा जणींत 'महाग वाटले' असे एकीनेही म्हटले नाही. तोंडावर तसे म्हणायला संकोच वाटतो हे खरे, पण जी कारणे कळली त्यांपैकी एकही 20 टक्क्यांच्या पाटीने दूर होणारे नव्हते.

पाटीचा हिशेब

तरी पाटी लावली असती तर काय झाले असते, ते कागदावर मांडून पाहू. समजा फेशियलचे 400 रुपये घेतले. क्रीम, कापूस, पॅक असा माल 150 चा लागला. हाती राहिले 250. आता 20 टक्के सूट दिली म्हणजे 80 रुपये कमी झाले. मालाचा खर्च तेवढाच राहतो, म्हणून हाती राहतात 170. गिऱ्हाईकाला सूट पाचव्या हिश्श्याची वाटते, पण पार्लरवालीच्या हातातले जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. आधी दहा फेशियलमध्ये जे 2500 रुपये सुटायचे, तेवढ्यासाठी आता पंधरा करावी लागतात. शिवाय ही सूट त्या 21 नेहमीच्या बायकांनाही मिळते, ज्या पूर्ण पैसे देऊन येणारच होत्या. पाटी उतरवली की 'आता वाढवले का?' हा प्रश्न त्याच आधी विचारतात.

सूट द्यायचीच असेल तर ती परत येण्याबद्दल द्यावी. त्यासाठी शिक्क्यांचे कार्ड हे जुने साधन चांगले आहे. सहा वेळा थ्रेडिंग करा, सातवे फुकट. थ्रेडिंगला लागतो तो दोरा, थोडी पावडर आणि दहा मिनिटे. दुपारच्या रिकाम्या वेळेत ती दहा मिनिटे जवळजवळ फुकटच असतात. पण चाँदरातीला तीच दहा मिनिटे सर्वांत महाग असतात. म्हणून जावेच्या कार्डावर एक ओळ छापली आहे: 'रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि लग्नाच्या बुकिंगच्या दिवशी हे कार्ड चालणार नाही.' ही ओळ कार्ड देतानाच वाचून दाखवायची. सातव्या वेळी दाखवली तर ती फसवणूक वाटते.

कार्डाबद्दल एक अभ्यास आम्हाला फार उपयोगी वाटला. जोसेफ नून्स आणि झेवियर ड्रेझ या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका गाड्या धुण्याच्या ठिकाणी 300 कार्डे वाटली होती. त्यांचा निबंध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या कार्डांवर आठ रिकामी घरे होती. उरलेल्या अर्ध्यांवर दहा घरे होती, पण दोन शिक्के आधीच मारलेले होते. दोन्हींत गाडी आठ वेळाच धुवून घ्यायची होती. तरी पहिल्या प्रकारची 19 टक्के कार्डे पुरी झाली आणि दुसऱ्या प्रकारची 34 टक्के. ज्याला वाटते की आपण निघालो आहोत, तो पोहोचण्याची खटपट जास्त करतो. वर्गात कोऱ्या वहीपेक्षा पहिले पान लिहिलेली वही पुढे लवकर भरते, हे आम्ही रोज पाहतो.

जावेच्या कार्डावर आठ घरे आहेत. पहिल्याच भेटीत तिथे दोन शिक्के जास्तीचे पडतात, एक नाव-नंबर वहीत लिहून दिल्याबद्दल आणि एक पुढची तारीख ठरवल्याबद्दल. म्हणजे शिक्के फुकट नाहीत, त्यांना कारण आहे. त्या भेटीचा शिक्का धरून कार्ड तीनवर सुरू होते. आणखी पाच भेटी झाल्या की आठ घरे भरतात आणि त्यानंतरचे, म्हणजे सातवे थ्रेडिंग फुकट. शिक्क्यांची मोजणी वहीतही असते, कारण कार्ड हरवतेच. हरवले म्हणून पाच भेटींचा हक्क बुडाला, तर कार्डाने जोडलेली बाई कार्डामुळेच तुटते. आणि कार्ड मुलीला किंवा बहिणीला वापरू द्यावे. त्यात पार्लरचे नुकसान नाही, घरातली दुसरी बाई येऊ लागते.

आठवणीची वही

पण चौदांपैकी पाच जणी विसरल्या होत्या आणि विसरणाऱ्याला सूट नको, आठवण हवी. जावेने त्यासाठी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक आठवड्याला एक पान दिले. बाई पैसे देऊन निघते तेव्हा तिला विचारायचे, "आता पुन्हा कधी?" ती म्हणाली तीन आठवड्यांनी, तर तीन पाने पुढे जाऊन तिचे नाव तिथे लिहायचे. शनिवारी पुढच्या आठवड्याचे पान उघडायचे. त्या पानावर ज्यांची नावे आहेत, त्यांनाच निरोप पाठवायचा. बाकी कोणालाही नाही.

तीन भेटी झाल्या की छापील अंतराचा उपयोग संपतो. मग त्या बाईचे स्वतःचे अंतर धरायचे. एक बाई दर वीस दिवसांनी येते, दुसरी दोन महिन्यांनी, कारण तिचे पैसे सोयाबीन विकल्यावर आणि सणालाच हातात येतात. दोन महिन्यांवालीला वीस दिवसांत निरोप गेला तर तो तगादा वाटतो. वीस दिवसांवाली चाळीस दिवस आली नाही तर मात्र काहीतरी झाले आहे. स्वतःच्या अंतराच्या दुप्पट दिवस उलटले की निरोप पाठवू नये, फोन करावा आणि तब्येत विचारावी. कोणी आजारी असते, कोणाच्या घरी मय्यत झालेली असते, कोणी ऊसतोडीला गेलेली असते. आणि कोणी नाराज असते, तीही याच फोनवर कळते.

निरोपाचे शब्द ठरवताना आम्हाला आमच्या घरांचा विचार करावा लागला. वहीत जो नंबर लिहिलेला असतो तो पुष्कळदा त्या बाईचा नसतो. तो शोहरचा असतो, मुलाचा असतो किंवा घरात एकच फोन असतो. 'तुमच्या अपर लिप आणि फेशियलची वेळ झाली' असा निरोप सासऱ्यांनी वाचला तर ती बाई पुन्हा येईल का? म्हणून नंबर घेतानाच तीन गोष्टी विचारायच्या. हा नंबर कोणाचा? निरोप लिहून पाठवू की बोलून? कोणत्या वेळी? आता जावेचा निरोप असा असतो: "अस्सलामु अलैकुम आपा. तुम्ही सांगितलेली तारीख या आठवड्यात येते. दुपारी 2 ते 4 गर्दी नसते. कोणती वेळ ठेवू?" कशाची तारीख, हे त्यात नाही. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना उर्दूत जातो, ज्यांना वाचताच येत नाही त्यांना आवाजाचा निरोप जातो. शेवटी प्रश्न असतो, कारण प्रश्नाला उत्तर येते आणि सूचनेला येत नाही.

एक निरोप, दहा दिवसांनी दुसरा आणि मग थांबायचे. तिसरा पाठवला की लोक नंबर बंद करून टाकतात आणि तुम्हाला कळतही नाही. आणखी एक घोटाळा पुष्कळांचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्टची यादी करून एका दमात सगळ्यांना निरोप पाठवला जातो आणि 'कोणी उत्तरच देत नाही' अशी तक्रार होते. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्टचा निरोप पोहोचतच नाही. म्हणून पहिल्या भेटीत कार्ड देताना समोरच नंबर साठवून घ्यायला सांगावे. गट बनवणे तर टाळावेच. गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि आमच्या घरांत ते चालत नाही.

फोटोची गोष्टही या वहीत आली. नावापुढे 'फोटो: हो / फक्त हात / नाही' असा रकाना आहे. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. काढला तर लावण्यापूर्वी तिला दाखवायचा.

तक्रार घेऊन आलेली बाई

त्या हिवाळ्यात एक प्रसंग आला. एका मुलीच्या साखरपुड्याला हातावर मेंदी काढायची होती, वेळ कमी होता. घरच्यांनी 'लवकर आणि काळीभोर रंगेल अशी' मागितली. जावेने बाजारातला झटपट रंगणारा काळा कोन वापरला. तिसऱ्या दिवशी मुलीची आई दारात उभी राहिली. मुलीच्या हातावर नक्षीच्या रेघांवर लाल फोड आले होते, खाज थांबत नव्हती. आत चार बायका बसलेल्या. आई सगळ्यांसमोर बोलू लागली.

पहिली चूक जावेने केली. ती म्हणाली, "बाकी कोणाला असे झाले नाही." हे खरे होते, पण त्याचा अर्थ 'दोष तुमच्या मुलीचा' असा होतो. आई आणखी चिडली. आम्ही त्या दिवशी घरी होतो. आम्ही आईला आतल्या खोलीत नेले, पाणी दिले आणि विचारले की कधी सुरू झाले, काय लावले, ताप आहे का. ती पाच मिनिटे बोलत राहिली, मध्ये कोणी बोलले नाही. मग जावेने मान्य केले की कोन आपण निवडला होता. ती लगेच म्हणाली, "मी फुकट क्रीम लावून देते, फेशियलही करून देते." आम्ही तिला थांबवले.

कारण बिघडलेल्या कातडीवर पार्लरवालीने पुन्हा हात लावणे हाच मोठा धोका असतो. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनचे प्रकरण आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. 2018 च्या एप्रिलात तिथे एका महिलेचे केस तिने सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. भरपाई म्हणून सलूनने केसांवर मोफत उपचार देऊ केला आणि त्या उपचारानेच केस व टाळू बिघडल्याची तिची तक्रार होती. सप्टेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2 कोटी रुपये भरपाई सांगितली. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एवढ्या रकमेला पुरावा लागतो असे म्हणून तो आकडा रद्द केला आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. आकडा बाजूला ठेवला तरी शिकण्यासारखी गोष्ट राहते. चुकीची भरपाई त्याच हातांनी, त्याच जागेवर आणखी काही करून देऊ नये.

आमच्याकडे मग असे झाले. मेंदीचे पैसे त्याच वेळी परत दिले, आईने मागायची वाट पाहिली नाही. रिकामा कोन कचऱ्यातून शोधून पिशवीत घालून आईच्या हाती दिला, म्हणजे डॉक्टरांना त्यावरचा मजकूर पाहता येईल. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवण्याचा आणि औषधाचा खर्च जावेने उचलला. ही कबुली देताना तिच्या मनात भीती होती की गावभर होईल. पण गावभर होणार होतेच. फक्त लोक काय सांगणार, एवढे आपल्या हातात होते. दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी तिने फोन करून हाताची चौकशी केली.

डॉक्टरांनी जे सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असावे. मेंदीच्या पानाचा रंग केशरीपासून गडद तपकिरीपर्यंत जातो, तो काळा कधीच होत नाही. खरी मेंदी काही तास ठेवावी लागते आणि तिचा रंग पुढच्या एक-दोन दिवसांत चढतो. तासाभरात काळी होणारी 'मेंदी' बहुधा केसांच्या काळ्या रंगात असणाऱ्या पीपीडी नावाच्या रसायनामुळे काळी होते. ज्याला एकदा त्याची अ‍ॅलर्जी झाली त्याला ती सहसा जन्मभर राहते. म्हणजे या मुलीने दहा-वीस वर्षांनी केसांना काळा रंग लावला तरी चेहरा आणि डोळे सुजू शकतात. जावेने ही गोष्ट त्या मुलीच्या नावापुढे लाल शाईने लिहून ठेवली आणि आईलाही लिहून दिली.

त्यानंतर काळा कोन पार्लरमधून गेला. आता मेंदीची पावडर, साखर, लिंबू आणि थोडे निलगिरीचे तेल एवढ्यावर घरी कोन भरतात. घाई असलेल्या नवरीला जाऊ सरळ सांगते की दोन दिवस आधी या, नाहीतर रंग फिका राहील. केसांच्या रंगासाठी पहिल्यांदा येणाऱ्या बाईच्या कानामागे थोडा रंग लावून 48 तास थांबायचे, तोवर डोक्याला लावायचा नाही. यात दोन-तीन गिऱ्हाइके जातात. पण जी राहतात ती का राहतात, हे आता जावेला माहीत आहे.

वहीच्या मागच्या पानांवर तक्रारींसाठी चार रकाने आहेत: काय झाले, आपण काय केले, काय बदलले आणि ती परत आली का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तीच तक्रार दुसऱ्या तोंडून पुन्हा येते. दोन तास बसवल्याच्या तक्रारीनंतर दारात नंबरांच्या चिठ्ठ्यांचा डबा आला. ओळखीची बाईसुद्धा चिठ्ठी घेते. आम्हीही घेतो.

दवाखान्याची गोष्ट वेगळी

हा लेख वाचून एखाद्या डॉक्टर भावाला वाटेल की आपल्या दवाखान्यातही कार्ड लावावे. तसे करू नये. 2002 सालच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांनुसार रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात किंवा आर्जव करणे डॉक्टरांना मना आहे, आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे-देणेही मना आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर काही दिवस बाहेरगावी आहेत, परत आले, अशा गोष्टी जाहीर करता येतात. 'पाच वेळा या, सहावी तपासणी फुकट' हे चालत नाही. ते योग्यही नाही, कारण गरज नसताना माणूस दवाखान्यात यावा अशी इच्छा कोणी करू नये.

पण आठवणीची वही दवाखान्यालाच सर्वांत जास्त हवी. बीपीच्या गोळ्या तीस दिवसांच्या लिहून दिल्या तर तिसाव्या दिवशी त्या संपतात. त्रास काही वाटत नाही, मजुरी बुडवून कोण जाणार, म्हणून माणूस जात नाही. डॉक्टर समजतात की रुग्णाने दुसरा डॉक्टर धरला. प्रत्यक्षात त्याने औषध सोडलेले असते. जो कंपाउंडर सत्ताविसाव्या दिवशी फोन करून 'गोळ्या किती उरल्या?' एवढेच विचारतो, तो गिऱ्हाईक राखत नाही, माणूस राखतो. लहान मुलांच्या लसीकरणाचे कार्ड हे याचेच रूप आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींची पुढची तारीख त्यावर आधीच लिहिलेली असते, म्हणून न शिकलेली आईसुद्धा ते कार्ड घेऊन आशाताईंना तारीख विचारते.

निरोपात आजाराचे नाव मात्र कधीच नसावे. पार्लरच्या निरोपात जी लाज जाते, दवाखान्याच्या निरोपात त्याहून मोठी गोष्ट जाऊ शकते. आणि तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाने आपले कागद मागितले तर टाळाटाळ करू नये. त्याच आचारनियमांत मागणी आल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात असे आहे. कागद लपवले की संशय वाढतो, कागद हाती आले की निम्मे भांडण तिथेच थांबते.

पुढच्या वर्षीची वही

2025 मध्ये ईद 31 मार्चला झाली आणि बकरीद 7 जूनला. त्या रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत पालम आणि आसपासच्या 18 नव्या बायका आल्या होत्या, आदल्या वर्षीपेक्षा दोन कमी. बकरीदपर्यंत त्यांच्यातल्या 11 जणी पुन्हा आल्या. उरलेल्या सात जणींपैकी दोघींनी कार्ड घ्यायलाच नकार दिला होता, एकीचा निकाह होऊन ती सासरी गेली आणि चौघींचे कारण अजून कळलेले नाही. जावेने त्या चौघींची नावे वहीच्या नव्या पानावर उतरवून ठेवली आहेत.

साखरपुड्याची ती मुलगी निकाहच्या वेळी पुन्हा आली. हाताला मेंदी लावायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. जावेने तिचे फक्त केस बांधले. नोंद वहीत आहे, चौथ्या रकान्यात: 'आली. आईसोबत. आणखी दोघींना घेऊन.'